न घेतलेल्या कर्जाचे हप्ते

लवकर सुट्टीची नोटीस वाचण्याची एक पद्धत असते. पहिलं वाक्य वाचायचं, टाळी द्यायची आणि घरी फोन लावायचा. आमच्या ऑफिसात सोमवारी बारा वाजायच्या बेताला फळ्यावर कागद लागला, तेव्हा पाच मिनिटांत निम्मं ऑफिस फोनवर होतं. पहिलं वाक्य असं होतं: "सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, सणानिमित्त उद्या, मंगळवारी, कार्यालय दुपारी 2 वाजता बंद करण्यात येईल."

बुधवारी सणाची सुट्टी होतीच. म्हणजे मंगळवारची दुपार ही निव्वळ वरकमाई. मीही घरी फोन लावला आणि "उद्या अडीच-तीनपर्यंत पोचतो, तयारीला आहे मी" असं जाहीर करून टाकलं. पलीकडून "बघू" एवढंच उत्तर आलं. त्या एका शब्दात किती वर्षांचा अनुभव होता ते मला मंगळवारी कळलं.

कागदावर आणखी दोन परिच्छेद होते. दुसरा: "सदर दिवशी कमी भरणाऱ्या 4 तासांची भरपाई म्हणून गुरुवारपासून पुढील आठ कामाच्या दिवशी कार्यालय सायंकाळी 6 ऐवजी 6:30 वाजता सुटेल." आणि तिसरा, फळ्याच्या टाचणीखाली अर्धा दबलेला: "ज्यांच्याकडे तातडीचे काम असेल त्यांनी ते पूर्ण करूनच कार्यालय सोडावे."

दुसऱ्या परिच्छेदावर दिवसभर गदारोळ झाला. तिसऱ्याकडे कोणी पाहिलंही नाही. तो माझ्यासाठी होता.

गदारोळाची सुरुवात हिशेब विभागातल्या बाईंनी केली. त्या कोणतीही संख्या पाहिली की आधी तिच्यावर संशय घेतात. "चार तास कसे?" असं म्हणत त्यांनी नोटिशीखालीच पेन्सिलने आकडेमोड मांडली. आमची वेळ साडेनऊ ते सहा, म्हणजे साडेआठ तास. त्यातून जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा केली की उरले आठ. मंगळवारी साडेनऊ ते दोन म्हणजे साडेचार तास, जेवणाची सुट्टी एक ते दीडच असल्यामुळे ती याच्यातच आली, म्हणून काम चार तास. आठातून चार गेले, राहिले चार. इथवर आस्थापना विभागाचं गणित बरोबर होतं. पण बाई थांबल्या नाहीत. "साडेतीन ते पावणेचार ही छोटी सुट्टी असते. त्या पंधरा मिनिटांत आपण एरवीही काम करत नाही. मग न केलेल्या कामाची भरपाई कशी करायची? बुडाले ते पावणेचार तास!"

ऑफिसात एकदम चैतन्य पसरलं. पावणेचार तास म्हणजे 225 मिनिटं, रोज तीस धरली तर साडेसात दिवस. म्हणजे आठव्या दिवशी सव्वासहाला सुटका! पंधरा मिनिटांसाठी माणसं इतकी पेटून उठलेली मी पगारवाढीच्या वेळीही पाहिली नव्हती.

आस्थापनातले गृहस्थ खाली आले. शांत माणूस. त्यांच्या शांतपणाचीच भीती वाटते. ते म्हणाले, "छोटी सुट्टी आठ तासांच्या आत धरलेली आहे. जेवणाची तेवढी बाहेर. म्हणजे त्या पंधरा मिनिटांचा पगार तुम्हाला मिळतो. मंगळवारी तो मिळणार, तर भरपाईही पूर्ण द्यायला नको का?" यावर बाईंचं उत्तर तयार होतं: "मग भरपाईच्या चार तासांतही आम्हाला पंधरा मिनिटांची छोटी सुट्टी द्या." खरं सांगतो, मुद्दा बिनतोड होता. चार तास सलग भरलेले असोत की आठ तुकड्यांत, सुट्टी त्यांच्या पोटातच असायला हवी. आठ दिवसांत पंधरा मिनिटं वाटली तर रोज दोन मिनिटांहून थोडी कमी. गृहस्थ क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "घ्या की. रोज दीड-दोन मिनिटं कोण बघतंय?" आणि निघून गेले. आम्ही जिंकलो की हरलो यावर अजून एकमत नाही.

तेवढ्यात काका पुढे सरसावले. काका म्हणजे आमच्याकडचे एकेकाळचे युनियनवाले. निवृत्तीला दोन वर्षं उरली असली तरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्यांचा दारूगोळा कोरडा ठेवलेला असतो. ते म्हणाले, "याला आंतरराष्ट्रीय नियम आहे," आणि एक पिवळं पडलेलं पुस्तक घेऊन आले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1930 साली जिनिव्हात दुकानं आणि कार्यालयांतल्या कामाच्या तासांविषयी एक करार केला, क्रमांक 30. त्याचं पाचवं कलम नेमकं आमच्या दुखण्याबद्दल आहे: स्थानिक सुट्टीमुळे किंवा अपघातासारख्या कारणाने सगळ्यांचंच काम बंद राहिलं, तर बुडालेले तास कसे भरून घ्यायचे.

आम्ही भोवती गोळा झालो. काकांनी चष्मा वर केला आणि विजयी आवाजात वाचायला घेतलं. भरपाई वर्षात तीस दिवसांपेक्षा जास्त दिवस घेता येणार नाही. आमची आठ दिवस. ती वाजवी मुदतीत व्हावी. आमची गुरुवारपासूनच सुरू. दिवसाला एका तासापेक्षा जास्त वाढ नको. आमची अर्धा तास. आणि दिवसाचं एकूण काम दहा तासांपुढे जाता कामा नये. आमचं साडेआठ. प्रत्येक अटीगणिक काकांचा आवाज उतरत गेला. शेवटच्या अटीला तर ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखे झाले. नोटीस काढणाऱ्याने जणू पुस्तक मांडीवर घेऊनच ती लिहिली होती.

"हा करार मान्य केलेल्या देशांनाच लागू असतो म्हणा," काका पुस्तक मिटत म्हणाले. पण उशीर झाला होता. साहेब मागे येऊन उभे राहिले होते. "तीस दिवस म्हणालात ना?" साहेबांनी आनंदाने विचारलं. "म्हणजे अजून बावीस शिल्लक आहेत." त्यानंतर ते पुस्तक पुन्हा कधी दिसलं नाही.

एक खरा पेच मात्र कोणालाच सुटला नाही. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी मंगळवारची पूर्ण रजा आठवडाभर आधीच मंजूर करून घेतली होती. आता इतरांना तो दिवस अर्धाच पडणार. त्यांनी आठ तासांची रजाही द्यायची आणि वर चार तास भरपाईही करायची, तर एका दिवसाची किंमत बारा तास झाली. भरपाई नको म्हणावं, तर ज्या दुपारी ऑफिसच बंद आहे त्या दुपारसाठी रजा खर्च झाली. ताई म्हणाल्या, "माझी अर्धी रजा परत करा, मी सगळ्यांबरोबर चार तास भरून देते." याहून न्याय्य काही असूच शकत नाही. आस्थापनातले गृहस्थ म्हणाले, "पण मग सकाळी तुम्ही रजेवर आणि दुपारी ऑफिस बंद. म्हणजे तुम्ही आलातच नाहीत!" ताईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते "विचार करून कळवतो" म्हणाले. अजून विचार चालू आहे.

मंगळवार उजाडला. अर्ध्या दिवसाच्या कामाचं एक वैशिष्ट्य असतं: त्यात अर्ध्या दिवसाचंही काम होत नाही. दहापर्यंत "आज काय, दोनपर्यंतच" असं एकमेकांना सांगण्यात जातं. बारानंतर नवं काही उघडायचं नाही असा अलिखित नियम आहे. एकला जेवण. दीडला परत आलं की उरलेल्या अर्ध्या तासात टेबल आवरायचं. पावणेदोनला पहिली बॅग खांद्यावर चढली आणि पाच मिनिटांत अंगठ्याच्या यंत्रापुढे रांग लागली.

ते यंत्र म्हणजे दाराशी भिंतीवर बसवलेला एक काळा डबा. त्याच्यावर हिरवा उजेड आणि घड्याळ. दोनच्या आत अंगठा लावला तर "वेळेआधी बाहेर" अशी नोंद होते, म्हणून सगळे अंगठे वर करून, डोळे घड्याळावर रोखून उभे. 13:59 वर काटा अडकल्यासारखं वाटतं. 14:00 झाले आणि पहिला अंगठा पडला. जेवून हात धुतलेल्यांचे अंगठे ओले, त्यांना यंत्र "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतं. मग शर्टाला पुसा, फुंकर मारा, दुसरं बोट लावून बघा. एकेकाला पाच-सहा सेकंद धरले तरी सत्तर माणसांची सात मिनिटं. मी अठ्ठावन्नावा होतो. माझ्यापुढे तीनच माणसं उरली होती आणि खांद्यावर हात पडला.

"तुम्ही आहात ना अजून? बरं झालं," साहेब म्हणाले.

ज्याच्याकडे तातडीचं काम असेल त्याने, अशी नोटीस होती. मला वाटत होतं, तातडीचं काम आपल्याकडे आहे की नाही हे माणसाला ठाऊक असतं. तसं नसतं. ते रांगेतल्या अठ्ठावन्नाव्या माणसाकडे चालत येतं. वरिष्ठ कार्यालयाला तिमाही तक्ता आजच हवा होता. "तासाभराचं काम," साहेब म्हणाले, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी अंगठा लावून गेले, कारण त्यांनाही घरी तयारी होती.

तासाभराचं काम सात जणांच्या आकड्यांवर अवलंबून होतं आणि सातही जण दोन वाजता सुटलेले. प्रवासातल्या माणसाला फोनवर आकडे विचारणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. एकाने सांगितलेला आकडा हॉर्नमध्ये बुडाला, एकाने "कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे" असं सांगितलं. तक्ता गेला तेव्हा यंत्राने वेळ दाखवली 17:40. अंगठा एका फटक्यात लागला. रांगच नव्हती.

म्हणजे हिशेब बघा. माझे बुडालेले चार तास मी त्याच दिवशी तीन तास चाळीस मिनिटांनी भरून काढले होते. उरली वीस मिनिटं. ती मी गुरुवारी मोकळ्या मनाने देणार होतो.

गुरुवारी सकाळी तसा अर्ज घेऊन मी वर गेलो. गृहस्थांनी तो दोनदा वाचला. "हे नाही बसत," ते म्हणाले. "भरपाई गुरुवारपासून सुरू. त्याआधी केलेलं काम भरपाईत धरता येत नाही."

"पण मी लवकर गेलोच नाही! ज्याने कर्ज घेतलंच नाही त्याने हप्ते कशाचे भरायचे?"

"कर्ज मंजूर झालं होतं," ते म्हणाले. "तुम्ही उचललं नाही."

बँकेतसुद्धा हे चालत नाही. पण मी खाली आलो आणि सगळ्यांबरोबर हप्ते भरायला बसलो.

या जादा अर्ध्या तासाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नोटीस लिहिणाऱ्याने तो कधी भोगलेला नसतो. सहा वाजता आमचा रखवालदार मजल्यावरचे दिवे घालवतो. त्याला नोटिशीची प्रत गेली नव्हती. तो आपल्या पद्धतीने बरोबर वागत होता. त्याच्या लेखी सहानंतर जो बसलेला दिसतो तो एक तर विसरलेला असतो किंवा भांडून आलेला. आम्ही ओरडलो की तो दिवे लावायचा आणि दहा मिनिटांनी सवयीने पुन्हा घालवायचा. दुसरं म्हणजे, सहा वाजून पाच मिनिटांनी मुख्य संगणक दिवसभराच्या कामाची नक्कल घ्यायला लागतो. ते चालू असेपर्यंत कोणतीही नवी नोंद स्वीकारत नाही. पडद्यावर एक चाक फिरत राहतं. नक्कल पूर्ण व्हायला साधारण चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे बुडालेलं काम भरून काढण्यासाठी दिलेला तीस मिनिटांचा काळ नेमका तोच होता, ज्यात काम होणं शक्य नव्हतं. ज्या दुपारी मी राबलो ती हिशेबात नाही, आणि ज्या संध्याकाळी चाक बघत बसलो त्या जमा. मी तक्रार करत नाही, नुसतं सांगतोय.

पहिले तीन दिवस असे काढल्यावर सोमवारी सहज म्हणून मी माझी नोंद पाहायला मागितली. भरपाई: शून्य तास शून्य मिनिटं.

यंत्राच्या दोन खोडी त्या दिवशी कळल्या. एक, ठरलेल्या वेळेनंतरचा वेळ ते पूर्ण अर्ध्या तासाच्या तुकड्यांतच मोजतं. एकोणतीस मिनिटं थांबलात तर त्याच्या दृष्टीने तुम्ही थांबलाच नाहीत. दोन, त्याचं घड्याळ माझ्या फोनपेक्षा दोन मिनिटं मागे होतं. मी फोनवर साडेसहा झाले की उठायचो, यंत्राला दिसायचे 18:28. अशी तीन दिवसांची चौऱ्याऐंशी मिनिटं हवेत गेली. हिशेबाच्या बाई मात्र पहिल्या दिवसापासून 18:31 ला अंगठा लावत होत्या. "यंत्राशी बोलायचं तर यंत्राच्याच घड्याळाने," त्या म्हणाल्या. आधी सांगायला काय झालं होतं?

म्हणून बाकीचं ऑफिस आठ दिवसांत कर्जमुक्त झालं आणि मी अकराव्या दिवशी. शेवटचे तीन दिवस मजल्यावर मी आणि रखवालदार. तिसऱ्या दिवशी त्याने दिवे घालवलेच नाहीत. जवळ येऊन हळूच विचारलं, "घरी काही झालंय का साहेब?"

इथे हा विषय संपायला हरकत नव्हती. पण महिना संपला आणि हजेरीपट तयार झाला. त्यात अख्ख्या ऑफिसची मंगळवारची अर्धी रजा लागलेली. कारण सरळ होतं. यंत्रात त्या दिवशीही आमची वेळ सहापर्यंतच ठेवलेली होती, आणि साडेचार तासांपेक्षा कमी हजेरी म्हणजे अर्धा दिवस हा त्याचा नियम. साडेनऊ ते दोन बरोबर साडेचार तास होतात, पण साडेनऊला कोण येतं? दहा मिनिटांची सवलत असते, म्हणून सगळे नऊ चौतीस, नऊ छत्तीस. दोन वाजून तीन मिनिटांनी बाहेर पडलेला माणूसही साडेचारच्या आतच राहिला. रजा लागली नाही अशी दोन-चारच माणसं होती. त्यातला एक मी. आयुष्यात पहिल्यांदा थांबल्याचा फायदा झाला म्हणून मी ताईंना मोठेपणाने समजावतही होतो.

वरून ताबडतोब शुद्धिपत्रक निघालं आणि चूक दुरुस्त झाली. दुरुस्ती म्हणजे यंत्रात त्या मंगळवारी ऑफिसची वेळ मागच्या तारखेने साडेनऊ ते दोन अशी करून टाकली. सगळ्यांच्या रजा परत आल्या. फक्त माझ्या नावापुढे लाल अक्षरांत एक नवी ओळ उगवली: कार्यालय बंद झाल्यानंतर विनापरवानगी उपस्थिती, 3 तास 40 मिनिटे.

दोन दिवसांनी टेबलावर पत्र आलं. "सदर दिवशी कार्यालय दुपारी 2 वाजता बंद असताना आपण सायंकाळी 5:40 पर्यंत कार्यालयात कोणत्या कारणास्तव होतात, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा." पत्र साहेबांच्या सहीचं होतं. मी ते घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सही निरखून पाहिली. "माझीच दिसते," म्हणाले. "गठ्ठ्यात आली असेल. देऊन टाका उत्तर, काय मोठंसं. पण माझं नाव नका घालू त्यात, वर जातं ते."

मी एका ओळीत उत्तर दिलं: "काम करत होतो."

आठवड्याने कागद शेरा मारून परत आला. "खुलासा वाचला. कारण पटण्याजोगे नाही. यापुढे सणाच्या आदल्या दिवशी वेळेत घरी जावे."

मी तो जपून ठेवलाय. घरी दाखवला तेव्हा त्यावरही उत्तर "बघू" हेच आलं.